दोन संभाव्यता, एक किंमत

शेअरवरील ऑप्शनचे मूल्य कसे ठरवावे, या प्रश्नाने 1960 च्या दशकात अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ अडवून ठेवले होते. कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीला, ठरलेल्या दराने शेअर विकत घेण्याचा हक्क. त्यात घेण्याचे बंधन नसते. या ठरलेल्या दराला स्ट्राइक प्राइस म्हणतात. मुदतीच्या दिवशी शेअरचा भाव स्ट्राइकच्या जितका वर असेल तितकी रक्कम ऑप्शनधारकाच्या पदरात पडते, आणि भाव खाली राहिला तर काहीच पडत नाही. यावरून मूल्य काढण्याची सरळ वाट अशी दिसते की, शेअरचा भाव कुठकुठे जाऊ शकतो आणि त्या प्रत्येक शक्यतेला किती वजन द्यायचे हे ठरवावे, त्या वजनांनी मिळकतीची सरासरी काढावी आणि ती योग्य व्याजदराने मागे आणून तिचे आजचे मूल्य ठरवावे. केस स्प्रेंकल यांनी 1961 मध्ये, जेम्स बोनेस यांनी 1964 मध्ये आणि पॉल सॅम्युएलसन यांनी 1965 मध्ये थोड्याफार फरकाने हीच वाट धरली, आणि तिघांच्याही सूत्रांत अशा राशी उरल्या ज्यांची किंमत कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हती: शेअरपासून गुंतवणूकदारांना अपेक्षित असलेला परतावा, आणि ऑप्शनच्या जोखमीला साजेसा वटाव दर.

यातली दुसरी राशी अधिक चकवा देणारी होती. ऑप्शन शेअरपेक्षा कितीतरी अधिक जोखमीचा असतो, शिवाय ती जोखीम शेअरचा भाव हलला की बदलते आणि मुदत जवळ आली की पुन्हा बदलते, त्यामुळे तिला एकच एक दर लावणे मुळातच गैर ठरते. बोनेस यांनी शेअरचाच अपेक्षित परतावा ऑप्शनलाही लावून टाकला. सॅम्युएलसन यांनी वॉरंटसाठी, म्हणजे कंपनीनेच दिलेल्या कॉल ऑप्शनसाठी, वेगळा, अधिक दर मानला, पण तो कोठून यावा हे त्यांच्या सूत्रात बाहेरूनच ठरवावे लागत होते. स्प्रेंकल यांनी अज्ञात राशींचे मोल बाजारातील आकड्यांवरून काढण्याचा प्रयत्न केला आणि तो साधला नाही. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात या दोन्ही राशी नाहीत. त्या नगण्य म्हणून सोडल्या गेल्या, असे मात्र घडलेले नाही. एकीचा परिणाम दुसरी नेमका पुसून टाकते म्हणून त्या सूत्रातून गळल्या. हे पुसणे कसे घडते ते समजण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. जॉन कॉक्स, स्टीफन रॉस आणि मार्क रुबिनस्टाइन यांनी 1979 मध्ये मांडलेल्या द्विपद पद्धतीतला एक टप्पा त्यासाठी पुरतो.

एका शेअरचा आजचा भाव ₹400 आहे, वर्षभरात लाभांश मिळणार नाही आणि वर्षअखेरीस भाव एकतर ₹500 होईल किंवा ₹360, असे मानले जावे. जोखीमरहित व्याजदर वर्षाला 4 टक्के आहे आणि त्याच दराने रक्कम उसनी घेताही येते, ठेवताही येते. या शेअरवर ₹430 स्ट्राइकचा, एक वर्ष मुदतीचा कॉल ऑप्शन आहे. म्हणजे भाव ₹500 झाला तर धारकाला ₹70 मिळतील आणि ₹360 झाला तर शून्य. बाजारात दोन गुंतवणूकदार आहेत. आशावादी गुंतवणूकदाराच्या मते भाव चढण्याची संभाव्यता 70 टक्के आहे, त्यामुळे त्याच्या हिशेबाने शेअरचा सरासरी भाव ₹458 येतो आणि अपेक्षित परतावा साडेचौदा टक्के. साशंक गुंतवणूकदार तीच संभाव्यता 45 टक्के मानतो. त्याचा सरासरी भाव ₹423 आणि परतावा पावणेसहा टक्के. ऑप्शनची सरासरी मिळकत पहिल्याच्या लेखी ₹49 आणि दुसऱ्याच्या लेखी ₹31.50 आहे. अंतर एवढे मोठे असताना दोघांनी ऑप्शनची एकच किंमत मान्य करावी, हे वरवर पाहता अशक्य वाटते.

परंतु या ऑप्शनची मिळकत दुसऱ्या मार्गानेही उभी करता येते. अर्धा शेअर ₹200 ला घ्यायचा आणि त्यासाठी ₹173.08 कर्जाऊ घ्यायचे, म्हणजे स्वतःच्या खिशातून ₹26.92 जातील. वर्षअखेरीस 4 टक्के व्याजासह ₹180 फेडायचे आहेत. भाव ₹500 झाला तर अर्धा शेअर ₹250 चा होतो आणि कर्ज फेडून ₹70 उरतात. भाव ₹360 झाला तर अर्धा शेअर बरोबर ₹180 चा होतो आणि कर्ज फेडल्यावर काहीच उरत नाही. ही नेमकी ऑप्शनचीच मिळकत आहे. शेअर आणि कर्ज यांच्या अशा जोडणीला ऑप्शनची प्रतिकृती म्हणतात, आणि प्रतिकृतीत शेअरचा जो भाग लागतो, म्हणजे येथे अर्धा, त्याला व्यवहारात डेल्टा म्हणतात. (अर्धा शेअर विकत मिळत नाही, ही अडचण दोनशे ऑप्शन आणि शंभर शेअर धरल्यावर सुटते.) ज्या दोन गोष्टी प्रत्येक शक्यतेत तंतोतंत सारखीच रक्कम देतात त्यांची आजची किंमत वेगळी राहू शकत नाही, म्हणून ऑप्शनचे मूल्य ₹26.92 आहे, आणि ते काढताना 70 टक्के किंवा 45 टक्के यांपैकी एकही आकडा वापरावा लागलेला नाही.

ही किंमत पाळली गेली नाही तर काय होते, हे पाहिल्यावर तिचे बळ कळते. आशावादी खरेदीदारांच्या उत्साहात ऑप्शनचा भाव ₹40 वर गेला, असे समजले जावे. जाणकार व्यापारी तो ₹40 ला विकेल, ₹173.08 उसने घेईल, ₹200 चा अर्धा शेअर विकत घेईल आणि ₹13.08 तिथल्या तिथे बाजूला ठेवेल. वर्षअखेरीस भाव चढला तर ₹250 च्या शेअरमधून ₹180 कर्जाचे आणि ₹70 ऑप्शनधारकाचे भागतात. उतरला तर ₹180 मध्ये कर्ज फिटते आणि ऑप्शनधारकाला काही द्यावे लागत नाही. दोन्ही परिस्थितींत देणेघेणे शून्यावर येते आणि ₹13.08 निखालस नफा राहतो. भाव ₹20 असता तर हाच खेळ उलट्या दिशेने, म्हणजे शेअर उसना घेऊन विकून, ऑप्शन खरेदी करून आणि उरलेली रक्कम ठेवीत गुंतवून करता आला असता. अशा जोखीमरहित नफ्याच्या व्यवहाराला आर्बिट्राज म्हणतात. तो करणाऱ्याला शेअर वर जाईल की खाली, याविषयी मत असण्याची गरजच नसते, आणि तो ज्या बाजारात मोकळेपणाने करता येतो तिथे आशावाद्याचा उत्साह ऑप्शनच्या भावाला फार काळ वर धरू शकत नाही.

तरीही आशावाद्याच्या मनातील शंका रास्त आहे: ₹49 सरासरी मिळकत देणारी वस्तू ₹26.92 ला मिळत असेल तर ती स्वस्त नाही का? त्याच्या दृष्टीने ती स्वस्त आहेच. पण ₹458 सरासरीचा शेअर ₹400 ला मिळतो म्हणजे शेअरही स्वस्त आहे, आणि ऑप्शनचा स्वस्तपणा हा शेअरच्याच स्वस्तपणाची, कर्जाच्या जोरावर वाढवलेली आवृत्ती आहे. ₹26.92 च्या गुंतवणुकीवर ₹200 चा शेअर धरला आहे, म्हणजे जोखीम सुमारे 7.43 पट झाली आहे. आशावाद्याला शेअरवर व्याजदरापेक्षा साडेदहा टक्के अधिक मिळण्याची अपेक्षा आहे, त्याच्या 7.43 पट म्हणजे 78 टक्के, त्यात 4 टक्के व्याज मिळवले की ऑप्शनवरील अपेक्षित परतावा 82 टक्के होतो. ₹49 ना 82 टक्क्यांनी मागे आणले की ₹26.92 च येतात. साशंक माणसाच्या हिशेबात शेअरचा अधिक परतावा अवघा पावणेदोन टक्के आहे, त्याचे 7.43 पट 13 टक्के, व्याज धरून 17 टक्के, आणि ₹31.50 ना 17 टक्क्यांनी मागे आणले तरी ₹26.92 च येतात. स्प्रेंकल आणि सॅम्युएलसन यांना ज्या दोन राशींनी छळले त्या येथे उघड दिसतात: अपेक्षा वाढली की मिळकतीची सरासरी वाढते, आणि ती वाढ नेमकी पुसली जाईल इतका वटाव दरही वाढतो. दोन्ही राशी स्वतंत्रपणे अंदाजायला गेले की चूक होते; त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत हे ध्यानात आले की त्यांची गरजच उरत नाही.

गरज नसलेल्या गोष्टी एकमेकींना छेद देतातच, तर त्यांची सर्वांत सोयीची जोडी निवडायला हरकत नाही, या विचारातून जोखीम-निरपेक्ष संभाव्यता जन्माला येते. कल्पनेत अशी माणसे घ्यायची की ज्यांना जोखमीचे काहीच वाटत नाही आणि म्हणून ती पत्करण्याचा मोबदलाही नको असतो. अशा जगात प्रत्येक गुंतवणुकीवर व्याजदराइतकाच परतावा अपेक्षित असेल, म्हणजे शेअरचा वर्षअखेरचा सरासरी भाव ₹416 असायला हवा. ₹500 आणि ₹360 यांची सरासरी ₹416 येण्यासाठी चढण्याची संभाव्यता 40 टक्के मानावी लागते. आता ₹70 चे 40 टक्के म्हणजे ₹28, आणि ते 4 टक्क्यांनी मागे आणले की पुन्हा ₹26.92. शोधाचा इतिहासही काहीसा असाच घडला. ब्लॅक यांनी 1969 मध्ये ऑप्शनच्या मूल्याचे समीकरण मांडले तेव्हा त्यात शेअरचा अपेक्षित परतावा नव्हताच. मग तो काहीही मानला तरी चालेल, या तर्काने त्यांनी आणि शोल्स यांनी तो व्याजदराइतका धरला, ऑप्शनलाही तोच दर लावला आणि स्प्रेंकल यांच्या सूत्रातून स्वतःचे सूत्र मिळवले. समीकरणामागे प्रतिकृतीचा भक्कम युक्तिवाद उभा करण्याचे श्रेय रॉबर्ट मर्टन यांना जाते, आणि ही युक्ती केवळ एका सूत्रापुरती नसून सर्वसाधारण तत्त्व आहे हे पुढे कॉक्स आणि रॉस यांनी 1976 मध्ये, तर मायकेल हॅरिसन आणि डेव्हिड क्रेप्स यांनी 1979 मध्ये दाखवले.

येथे सर्वाधिक गैरसमज होतो तो 40 टक्के या आकड्याच्या स्वरूपाविषयी. तो भाकीत नाही, आणि बाजारातील माणसे जोखमीविषयी उदासीन आहेत असा दावाही त्यात नाही. उलट त्यांच्या जोखीमभीतीची खूण त्याच आकड्यात दडलेली असते. 40 टक्के 4 टक्क्यांनी मागे आणले की सुमारे 38 पैसे येतात. 'भाव चढला तर एक रुपया' असे वचन आज घ्यायचे झाल्यास त्याची ही किंमत आहे. 'भाव उतरला तर एक रुपया' या वचनाला मात्र जवळपास 58 पैसे पडतात. चढण्याची वास्तव संभाव्यता 45 टक्के असेल, तर चढत्या परिस्थितीतला रुपया त्याच्या शक्यतेच्या मानाने स्वस्त आणि उतरत्या परिस्थितीतला महाग आहे, कारण बाजार पडलेला असताना हातात येणाऱ्या रुपयाची निकड अधिक असते. विम्याचा हप्ता सरासरी नुकसानीपेक्षा अधिक असतो आणि तरी लोक तो भरतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे जोखीम-निरपेक्ष संभाव्यता ही खरे पाहता किंमत आहे. सर्व परिस्थितींतल्या किमतींची बेरीज एक व्हावी म्हणून त्या व्याजासह वाढवल्यामुळे ती संभाव्यतेसारखी दिसते एवढेच.

मग गुंतवणूकदारांच्या अपेक्षांना काहीच किंमत नाही का? आहे, पण ती शेअरच्या भावात आधीच मोजली गेलेली असते. कंपनीविषयी चांगली बातमी आली आणि सगळेच आशावादी झाले तर शेअर ₹400 वर थांबणार नाही. तो वर जाईल आणि त्याच्याबरोबर ऑप्शनही महाग होईल. 'ऑप्शनचे मूल्य अपेक्षित परताव्यावर अवलंबून नसते' या विधानात 'शेअरचा आजचा भाव दिलेला असताना' ही अट गृहीत आहे, आणि ती विसरली की विधान हास्यास्पद वाटू लागते. दुसरी एक मर्यादाही येथेच नोंदवायला हवी. साशंक आणि आशावादी यांचे मतभेद कितीही असले तरी काय शक्य आहे आणि काय अशक्य, याबाबत त्यांचे एकमत असावे लागते. भाव ₹500 होणे अटळच आहे असे कोणी मानत असेल, तर त्याच्या जगात कर्ज काढून शेअर घेणे हाच जोखीमरहित नफा ठरतो आणि सारा युक्तिवाद कोसळतो.

वर्षाचा एकच टप्पा न घेता दिवसाचे, तासाचे, मिनिटाचे लहान टप्पे घेत गेले की द्विपद पद्धत ब्लॅक-शोल्स सूत्राकडे सरकते, आणि प्रतिकृतीतला शेअरचा भाग प्रत्येक टप्प्याला बदलत ठेवावा लागतो. या सूत्रात शेअरचा भाव, स्ट्राइक, मुदत, व्याजदर आणि चढउताराची तीव्रता, म्हणजे व्होलॅटिलिटी, एवढ्याच राशी उरतात. वास्तव संभाव्यतेकडून जोखीम-निरपेक्ष संभाव्यतेकडे जाताना शेअरचा सरासरी कल बदलतो, व्होलॅटिलिटी मात्र तीच राहते, आणि याचे कारण काळाच्या लहान तुकड्यात दिसते. वर्षाला 12 टक्के कल आणि 20 टक्के व्होलॅटिलिटी असलेल्या शेअरचा, 250 कामकाजाचे दिवस धरले तर, एका दिवसाचा कल 0.05 टक्क्यांहूनही कमी असतो, तर एका दिवसाचा नेहमीचा चढउतार सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, कारण तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दिवसभराच्या हालचालीत कल जवळजवळ अदृश्य असतो. यातून एक व्यावहारिक सुदैवही हाती येते. अशा शेअरच्या 25 वर्षांच्या आकड्यांवरून त्याचा सरासरी परतावा काढला तरी त्यात 4 टक्क्यांची प्रमाण त्रुटी राहते, म्हणजे खरा आकडा 4 आहे की 20 हेही ठामपणे सांगता येत नाही. व्होलॅटिलिटीचा अंदाज मात्र काही महिन्यांच्या दैनंदिन भावांवरून बऱ्यापैकी येतो. सूत्रातून नेमकी तीच राशी गळली जी मोजता येत नव्हती.

दोन संभाव्यतांची सरमिसळ कशी नडते, हे याच आकड्यांवर पाहता येते. शेअर ₹100, स्ट्राइक ₹100, मुदत एक वर्ष, व्याजदर 6 टक्के, व्होलॅटिलिटी 20 टक्के, व्याजदर आणि पुढे येणारा कल दोन्ही सतत चक्रवाढीने. सूत्र असे आहे: C = S·N(d1) − K·e^(−rT)·N(d2). यातील N(d2) म्हणजे मुदतीला भाव स्ट्राइकच्या वर असण्याची जोखीम-निरपेक्ष संभाव्यता, आणि ती येथे सुमारे 58 टक्के येते. शेअरचा खरा कल 12 टक्के असेल तर वास्तव संभाव्यता 69 टक्के असते. N(d1), म्हणजे डेल्टा, साडेपासष्ट टक्के आहे, आणि अनेक व्यापारी तोच आकडा 'ऑप्शन फायद्यात संपण्याची शक्यता' म्हणून वाचतात, जे दोन्ही अर्थांनी चूक आहे. दलालांच्या पडद्यावर ऑप्शनच्या भावांवरून काढलेली जी संभाव्यता झळकते ती बहुधा 58 च्या जातीची असते. हा ऑप्शन वर्षानुवर्षे विकणाऱ्याने शंभरांतून 58 वेळाच आपल्याला पैसे द्यावे लागतील असे धरून भांडवल राखले तर ते अपुरे पडेल. पोर्टफोलिओ किती तोट्यात जाऊ शकतो, निवृत्तिनिधी पुरेल का, असे प्रश्न वास्तव संभाव्यतेचे असतात, आणि तिथे मोजायला कठीण असला तरी शेअरचा कल टाळता येत नाही. हीच सावधगिरी निफ्टीच्या ऑप्शन भावांवरून काढल्या जाणाऱ्या इंडिया व्हीआयएक्स निर्देशांकाबाबत हवी. त्यात चढउताराच्या अंदाजाबरोबर त्या चढउतारापासून संरक्षण मिळवण्याची किंमतही मिसळलेली असते.

आतापर्यंतचा सारा युक्तिवाद प्रतिकृती उभी करता येते, या एका गोष्टीवर टांगलेला आहे. पहिल्या उदाहरणात ₹500 आणि ₹360 यांच्या जोडीला ₹440 ही तिसरी शक्यता आली की हे लगेच दिसते. आता ऑप्शनची मिळकत ₹70, ₹10 किंवा शून्य आहे, आणि शेअर व कर्ज या दोनच साधनांनी तीन वेगवेगळ्या रकमा जुळवता येत नाहीत. शेअरची सरासरी ₹416 ठेवणाऱ्या संभाव्यता आता अनेक आहेत, आणि त्यांतून ऑप्शनचे मूल्य ₹6.73 ते ₹26.92 यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते. आर्बिट्राज एवढेच सांगतो की किंमत या पट्ट्याबाहेर नसावी. पट्ट्यात ती नेमकी कुठे बसेल हे जोखमीबद्दलच्या माणसांच्या वृत्तीवर आणि मागणी-पुरवठ्यावर ठरते. खऱ्या बाजारात तिसरी शक्यता म्हणजे रात्रीतून होणारी उडी: शेअर एका भावावर बंद होतो आणि सकाळी बराच खाली उघडतो, मधल्या भावांवर प्रतिकृती दुरुस्त करण्याची संधीच मिळत नाही. ऑक्टोबर 1987 च्या अमेरिकेतील पडझडीनंतर तेथील निर्देशांकाच्या खालच्या स्ट्राइकचे पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या दराने विकण्याचे हक्क, ब्लॅक-शोल्स सूत्राच्या मानाने कायमचे महाग झाले, आणि त्या महागाईत पडझडीची वास्तव शक्यता किती व तिच्या भयाचा मोबदला किती, हे केवळ ऑप्शनच्या भावांवरून वेगळे करता येत नाही.

आधाराची वस्तू विकत घेऊन ठेवताच येत नसेल तर अडचण आणखी वाढते. पावसाच्या मिलिमीटरवर आधारलेल्या करारासाठी अर्धा पाऊस विकत घेऊन प्रतिकृती रचता येत नाही. तिथे जोखीम-निरपेक्ष संभाव्यता आयती सापडत नाही, आणि किंमत सांगणाऱ्याला पर्जन्यमानाच्या नोंदींतून वास्तव संभाव्यता काढून तिच्यावर जोखमीचा मोबदला स्वतःच्या जबाबदारीने चढवावा लागतो. स्प्रेंकल ज्या दोन अज्ञात राशींपाशी अडले होते त्या या ठिकाणी गळत नाहीत.